मंजुरीनंतर पंचेचाळीस दिवस : फोंड्यातून ब्रिटनसाठी केलेल्या कामाचे एक प्रकरण

फोंड्यात राहून ब्रिटनमधील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी काम करणाऱ्या एका प्रोग्रामर महिलेचे हे प्रकरण आहे. त्या जानेवारी २०२६ मध्ये आमच्या मडगावच्या कार्यालयात आल्या, तेव्हा त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांची तीन बिले थकली होती. करार वाचल्यावर दिसले की थकलेले बिल एकच होते. उरलेली दोन बिले अजून देय झालेलीच नव्हती आणि ती कधी देय होतील हे पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर होते. परदेशी चलनात मानधन घेणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात असते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. समजण्यास सोपे जावे म्हणून सर्व हिशेब एका पौंडाला ११५ रुपये हा दर धरून केले आहेत. प्रत्यक्षात दर रोज बदलत होता.

करारात काय होते

करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. त्यात आमच्या अशिलांचा उल्लेख नोकर म्हणून नव्हता, तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून होता. मानधन दरमहा २,६०० पौंड, म्हणजे सुमारे २ लाख ९९ हजार रुपये ठरले होते. महिना संपल्यावर बिल पाठवायचे, कंपनीने ते मंजूर करायचे आणि मंजुरीनंतर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, अशी देयकाची अट होती. कंपनीला सात दिवसांची सूचना देऊन करार संपवता येत होता, तर आमच्या अशिलांना त्यासाठी साठ दिवस आधी कळवावे लागणार होते. लिहिलेल्या कोडची मालकी ते लिहिले जाताच कंपनीकडे जाणार होती. करारास इंग्लंडचा कायदा लागू होता आणि वाद तेथील न्यायालयांत चालणार होते. उशिरा पैसे दिल्यास व्याज किती, बिल किती दिवसांत मंजूर करायचे आणि मंजूर न केल्यास काय, याविषयी करारात एक अक्षरही नव्हते.

सही करताना त्यांनी सर्वाधिक विचार मानधनाच्या रकमेचा केला होता आणि ती रक्कम चांगलीच होती. त्यांचा पगारदार अनुभव वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कार्यालयातला. तिथे महिनाअखेरीला पगार बँकेत जमा होत असे आणि तो कोणी मंजूर करतो की नाही हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. नोकरीची ही सवय घेऊन माणूस व्यावसायिक करार वाचतो, तेव्हा देयकाचे कलम त्याच्या नजरेखालून सहज निसटते.

कोणीही अट न मोडता आठ लाख अडकतात

या करारात सर्व काही ठरल्याप्रमाणे घडले असते तर किती पैसे बाहेर अडकले असते, हे आधी पाहू. १ ऑक्टोबरला काम सुरू होते. ३१ ऑक्टोबरला बिल जाते. कंपनी आठवड्याभरात, ७ नोव्हेंबरला ते मंजूर करते आणि पंचेचाळिसाव्या दिवशी, २२ डिसेंबरला पैसे पाठवते. त्या दिवसापर्यंत ऑक्टोबर पूर्ण, नोव्हेंबर पूर्ण आणि डिसेंबरचे बावीस दिवस, असे एकूण ८३ दिवसांचे काम करून झालेले असते आणि त्याचा एकही पौंड हाती आलेला नसतो. ही रक्कम सुमारे ७,०४५ पौंड, म्हणजे ८ लाख १० हजार रुपये होते. इथपर्यंत कंपनीने कराराचे काहीही उल्लंघन केलेले नाही. कंपनी अडचणीत आहे हे आमच्या अशिलांना कळण्याचा पहिला दिवसच २२ डिसेंबर होता.

म्हणून असा करार तपासताना मी मानधनाच्या आकड्याआधी ही रक्कम काढतो. एखाद्या दिवशी समोरचा पूर्णपणे गप्प झाला, तर त्या दिवशी आपले किती काम उधारीवर गेलेले असेल? दुकानदार ज्याला उधारी म्हणतो, तीच ही गोष्ट. फरक इतकाच की येथे उधार घेणारा साडेसात हजार किलोमीटरवर आहे आणि त्याची उधारी किती वाढू द्यायची याची मर्यादा कोणी ठरवलेली नाही. मानधन शंभर पौंडांनी वाढवून मिळाले तर त्याचा आनंद होतो. पण पंचेचाळीस दिवसांचे सात दिवस झाले, तर त्याचे मोल शंभर पौंडांपेक्षा कितीतरी जास्त असते.

प्रत्यक्षात झाले असे. सप्टेंबरपर्यंतची सहा बिले चुकती झाली. ऑक्टोबरचे बिल मंजूर झाले, पण २२ डिसेंबरला पैसे आले नाहीत. संचालकांनी निरोप पाठवला की एका मोठ्या ग्राहकाकडून येणे बाकी आहे, नाताळच्या सुट्टीनंतर सर्व चुकते करू. आमच्या अशिलांनी डिसेंबर संपेपर्यंत काम चालू ठेवले. काम थांबवण्याचा हक्क करारात नव्हता, आणि थांबवले असते तर करारभंग त्यांच्याकडून झाला असता. २ जानेवारीला कंपनीने सात दिवसांची सूचना देऊन करार संपवला. एकूण येणे आता ७,८०० पौंड, म्हणजे ८ लाख ९७ हजार रुपये होते. नोव्हेंबरचे बिल कंपनीने मंजूरही केले नव्हते आणि नाकारलेही नव्हते, त्यामुळे त्याचे पंचेचाळीस दिवस सुरूच झाले नव्हते. डिसेंबरच्या बिलाचेही तेच.

मंजुरीची अट मुळात वाईट नसते. काम झाले आहे की नाही हे पाहण्याचा हक्क काम करवून घेणाऱ्याला असायलाच हवा. पण त्या हक्काला मुदत नसेल, तर मंजुरीची अट म्हणजे पैसे कधी द्यायचे हे ठरवण्याचा एकतर्फी अधिकार होतो. कंपनी खोटे बोलत नाही, नकार देत नाही, फक्त उत्तर देत नाही. न्यायालयात आधी रक्कम देय झाली आहे हे सिद्ध करावे लागते, आणि तिथेच पहिली अडचण येते. आमच्या अशिलांकडे सुदैवाने एक आधार होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी केलेले बदल कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी वापरात आणल्याची नोंद प्रणालीतच होती, आणि संचालकांनी त्याबद्दल आभार मानणारा संदेशही पाठवला होता. काम स्वीकारले, वापरले, त्याबद्दल आभार मानले, आणि तरीही ते मंजूर केले नाही, असे म्हणणे टिकणे कठीण असते. डिसेंबरच्या कामाबाबत मात्र असा कोणताही कागद नव्हता.

‘स्वतंत्र व्यावसायिक’ या शब्दाचे दोन परिणाम

पहिला परिणाम ब्रिटनमधील. तेथे कंपनी दिवाळखोरीत गेली तर तिच्या नोकरांच्या थकीत वेतनाचा काही भाग, माणशी ८०० पौंडांपर्यंत, इतर साध्या देण्यांच्या आधी दिला जातो, आणि त्याशिवाय सरकारी निधीतूनही नोकरांना ठरावीक मर्यादेत रक्कम मिळते. स्वतंत्र व्यावसायिक त्या रांगेत नसतो. तो कागद पुरवणाऱ्या आणि वीज पुरवणाऱ्याबरोबर बिनतारणाच्या घेणेकऱ्यांत उभा असतो आणि त्याला बहुधा शेवटी उरलेले मिळते. भारतात भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांपैकी काही नसते, हे अशा करारावर सही करणाऱ्यांना ढोबळमानाने ठाऊक असते. दिवाळखोरीतील ही जागा मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

दुसरा परिणाम गोव्यातील आहे आणि गोव्याबाहेरच्या कर सल्लागारांच्याही तो सहसा लक्षात येत नाही. आमच्या अशिलांचे लग्न गोव्यात नोंदलेले असून लग्नापूर्वी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला नाही. त्यामुळे पती-पत्नींना पोर्तुगीज नागरी संहितेतील समाईक मालमत्तेची पद्धत लागू होते. अशा जोडप्यांसाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५ए आहे. त्यानुसार पगार सोडून इतर प्रत्येक प्रकारचे उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. पगार मात्र ज्याने कमावला त्याच्याच नावावर राहतो. म्हणजे परदेशी कंपनीने त्यांना नोकर म्हणून घेतले असते, तर सर्व उत्पन्न त्यांच्या एकटीच्या विवरणपत्रात गेले असते. व्यावसायिक म्हणून घेतल्यामुळे अर्धे उत्पन्न पतीच्या विवरणपत्रात जाते. यात पसंतीला वाव नाही.

आकड्यांत सांगायचे तर, पूर्ण वर्ष पैसे आले असते तर त्यांची जमा सुमारे ३६ लाख रुपये झाली असती. माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय असल्याने कलम ४४एडीए खाली तिच्यातील निम्मी रक्कम नफा मानता येते. रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर ही सवलत वर्षाला ७५ लाखांच्या जमेपर्यंत मिळते. म्हणजे उत्पन्न १८ लाख. हे सर्व त्यांच्याच नावावर असते तर २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत उपकरासह कर १ लाख ६६ हजार ४०० रुपये झाला असता. त्यांच्या पतीचे पगारातील करपात्र उत्पन्न १० लाख आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या सुटीमुळे त्यावर कर लागला नसता. कलम ५ए लावल्यावर नऊ लाख पत्नीकडे राहतात, त्यावर कर शून्य. पण पतीचे उत्पन्न १९ लाख होते आणि कर १ लाख ८७ हजार २०० रुपये. या कुटुंबासाठी वाटणी महाग पडते. पतीचा पगार कमी असता तर ती स्वस्त पडली असती. दोन्ही स्थितींत ती करावीच लागते, त्यासाठी आयटीआर-३ मधील ५ए चे परिशिष्ट भरावे लागते आणि सोपा म्हणून अनेक जण भरतात तो आयटीआर-४ अशा जोडप्याला चालत नाही.

परदेशी कंपनी येथे कर कापत नाही. त्यामुळे आगाऊ कराची जबाबदारी संपूर्णपणे घरावर येते, आणि पतीच्या मालकाने कापलेला कर फक्त त्याच्या पगाराचा असतो. पत्नीच्या करारातील एका शब्दामुळे पतीच्या डोक्यावर व्याजासह कर बसू शकतो, हे या दोघांना जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हते. ३१ मार्च २०२६ ला संपलेले वर्ष जुन्या कायद्याखाली येते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

न आलेल्या पैशांवरचा जीएसटी

आमच्या अशिलांची समजूत अशी होती की बँकेत सहा बिलांचे १७ लाख ९४ हजार रुपयेच जमा झाले आहेत, म्हणजे २० लाखांची मर्यादा ओलांडलेली नाही आणि जीएसटी नोंदणीची गरज नाही. पण मर्यादा मोजताना आलेले पैसे पाहिले जात नाहीत, दिलेल्या सेवेचे मूल्य पाहिले जाते आणि निर्यातही त्यात मोजली जाते. ऑक्टोबरच्या बिलाबरोबर त्यांची उलाढाल २० लाख ९३ हजारांवर गेली होती. म्हणजे जे बिल थकले, त्याच बिलाने त्यांना नोंदणीस पात्र केले.

परदेशातील ग्राहकाला दिलेल्या सेवेवर शून्य दराने कर लागतो, पण त्यासाठी सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर आणि सेवेचे स्थान भारताबाहेर असणे याबरोबरच पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तेथे रुपयांत, मिळणे ही अट आहे. कर न भरता निर्यात करायची तर दर आर्थिक वर्षासाठी `RFD-11` या नमुन्यात हमीपत्र द्यावे लागते. यालाच सर्वजण एलयूटी म्हणतात. या हमीपत्रात एक गोष्ट गृहीत असते जी सही करताना कोणी मनावर घेत नाही. बिलाच्या तारखेपासून एक वर्षात, किंवा परकीय चलन कायद्याखाली मिळणारी मुदत त्यानंतर संपत असेल तर त्या मुदतीत, पैसे आले नाहीत तर पुढील पंधरा दिवसांत त्या बिलावर १८ टक्के कर व्याजासह भरावा लागतो. परकीय चलन कायद्याखालील ही मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ महिन्यांवरून पंधरा महिने करण्यात आली.

म्हणजे परदेशी ग्राहकाने बुडवले तर नुकसान बिलाएवढेच राहत नाही. तिन्ही बिले बुडाली असती तर ८ लाख ९७ हजार गेलेच असते, आणि त्यावर १ लाख ६१ हजार रुपयांचा कर त्यांना स्वतःच्या खिशातून भरावा लागला असता. बिल रद्द करून क्रेडिट नोट काढावी, असे अनेक जण सुचवतात. कायद्यात क्रेडिट नोट मूल्य जास्त लावले असेल किंवा सेवेत उणीव असेल तेव्हासाठी आहे. ग्राहकाने पैसे दिले नाहीत हे त्याचे कारण होत नाही. शिवाय सेवेत उणीव होती असे कागदावर लिहून दिले, तर तोच कागद ब्रिटनमधील दाव्यात कंपनीच्या हाती पडतो.

नोंदणी आणि हमीपत्र जानेवारीत झाले. हमीपत्र उशिरा दिले म्हणून निर्यातीचा लाभ नाकारू नये, उशीर माफ करता येतो, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकात आहे. तरीही उशीर झालेल्या प्रकरणात पैसे परदेशातून आल्याचा पुरावा काटेकोर असावा लागतो. येथे आणखी एक उणीव सापडली. काही महिन्यांत बँकेत आलेली रक्कम बिलापेक्षा पंधरा-वीस पौंडांनी कमी होती, कारण मधल्या बँकांनी आपले शुल्क कापून घेतले होते. बँकेकडून प्रत्येक रकमेसाठी परदेशी जमेचे सूचनापत्र घेतले, त्यावरचा हेतू संकेत `P0802`, म्हणजे सॉफ्टवेअर सल्लासेवा, आहे याची खात्री केली आणि प्रत्येक बिलाशी फरकाचा हिशेब जोडला. एका महिन्याचे पैसे एका मध्यस्थ सेवेमार्फत भारतातील खात्यातून साध्या बँक हस्तांतरणाने आले होते. नुसते बँकेचे विवरण पाहिले तर ती रक्कम देशांतर्गत दिसत होती. त्या सेवेकडून वेगळे प्रमाणपत्र मागवावे लागले.

चलनाची जोखीम कोणाकडे

सुरुवातीला कंपनीने मानधन रुपयांत ठरवण्याची तयारी दाखवली होती आणि घरकर्जाचा हप्ता रुपयांत असल्यामुळे आमच्या अशिलांना ते आकर्षकही वाटले होते. त्यांनी पौंड निवडले, आणि माझ्या मते ते योग्य होते. पण परकीय चलन रुपयासमोर नेहमी चढतेच, ही सर्वत्र पसरलेली समजूत प्रत्यक्षात डॉलरच्या दीर्घ इतिहासावरून बनलेली आहे. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा पौंड सुमारे १०० रुपयांवरून काही आठवड्यांत नव्वदच्या खाली आला. त्या उन्हाळ्यात पौंडात बिल देणाऱ्याचे मानधन कोणाशीही न भांडता दहा टक्क्यांनी कमी झाले. २०२१ च्या सुरुवातीला नव्वदच्या आसपास असलेला युरोही २०२२ च्या उत्तरार्धात ऐंशीपर्यंत उतरला होता.

यावर परकीय चलनातच पैसे ठेवण्याचा उपाय मर्यादित आहे. निर्यातदारांच्या ईईएफसी खात्यात सर्व रक्कम परकीय चलनात ठेवता येते, पण त्यावर व्याज मिळत नाही आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम, मान्य खर्च वजा करून, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावीच लागते. म्हणून चलनाची जोखीम करारातच वाटून घेणे बरे. नव्या करारात आम्ही असे कलम घातले की सहीच्या दिवसाचा संदर्भ दर नोंदवायचा, आणि दर त्याच्या वर किंवा खाली सात टक्क्यांहून अधिक सरकून महिनाभर तसाच राहिला, तर दोन्ही बाजूंनी मानधनावर पुन्हा बोलायचे. हे कलम दोन्ही दिशांना चालते म्हणूनच समोरचा ते मान्य करतो. आणि देयकाचे दिवस कमी केले की ही जोखीमही आपोआप घटते, कारण बिल आणि जमा यांच्यामध्ये दराला सरकायला अवधीच उरत नाही.

वसुली कशी झाली

परदेशी कायदा आणि परदेशी न्यायालय हे कलम दिसले की आपल्याकडे तो अन्याय वाटतो. या प्रकरणात तेच कलम सर्वांत उपयोगी ठरले. कंपनीची मालमत्ता, बँक खाते आणि संचालक सर्व इंग्लंडमध्ये होते. फोंड्याच्या न्यायालयातून हुकूमनामा मिळवून तो तिकडे बजावण्यापेक्षा तिथल्या कायद्याने तिथेच मागणे जवळचे होते. शिवाय ब्रिटनमध्ये व्यावसायिक देणी उशिरा देण्याविरुद्ध १९९८ चा कायदा आहे. करारात व्याजाची काहीच सोय नसेल तर तो बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर आठ टक्के व्याज देतो. ऑक्टोबरच्या बिलाला ३० जून २०२५ चा ४.२५ टक्के दर लागू होऊन ते १२.२५ टक्के झाले, म्हणजे दिवसाला सुमारे ८७ पेन्स. याशिवाय एक हजार ते दहा हजार पौंडांमधील प्रत्येक थकीत बिलामागे ७० पौंडांची ठरावीक भरपाई मिळते. रक्कम मोठी नाही, पण मागणीच्या पत्रात ती कायद्याच्या नावासह लिहिली की पत्र वाचणाऱ्याला समजते की समोरच्याला आपले हक्क माहीत आहेत.

पत्र पाठवण्याआधी ब्रिटनच्या कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंद पाहिली. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. वार्षिक हिशेब देण्याची तारीख उलटून गेली होती. फेब्रुवारीत त्या नोंदीवर `Active proposal to strike off` ही ओळ दिसू लागली. संचालकांनी कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याचा अर्ज केला होता. असा अर्ज केल्यावर सात दिवसांत त्याची प्रत प्रत्येक घेणेकऱ्याला द्यावी लागते. आमच्या अशिलांना ती मिळाली नव्हती. राजपत्रातील सूचनेनंतर किमान दोन महिन्यांनी कंपनी विसर्जित होते, तिची उरलेली मालमत्ता सरकारजमा होते आणि ज्याच्याविरुद्ध दावा करायचा तोच उरत नाही. आम्ही बिले, नोव्हेंबरचा आभाराचा संदेश आणि मागणीपत्र जोडून ऑनलाइन हरकत नोंदवली. हरकत स्वीकारली गेली आणि विसर्जनाची प्रक्रिया थांबवण्यात आली.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीने ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे ५,२०० पौंड दोन हप्त्यांत दिले. मला वाटते की त्यामागे पत्राच्या भाषेपेक्षा ही हरकतच कारणीभूत होती, कारण संचालकांना कंपनी बंद करून मोकळे व्हायचे होते. कोडची मालकी पैसे मिळेपर्यंत आमच्या अशिलांकडे राहिली असती तर हा दाब डिसेंबरमध्येच आणता आला असता. डिसेंबरचे काम मंजूर नव्हते, असे म्हणत कंपनीने ते २,६०० पौंड नाकारले.

पुढच्या करारात काय बदलले

मार्चमध्ये दुसऱ्या एका ब्रिटिश कंपनीशी नवा करार झाला. त्यात दर पंधरा दिवसांनी बिल आणि बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे, अशी अट आहे. पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर बिल मंजूर झाले असे समजायचे, आणि हरकत आलीच तर फक्त हरकतीचा भाग रोखायचा, बाकी रक्कम द्यायची. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले तर काम थांबवण्याचा हक्क आहे आणि तो करारभंग मानला जाणार नाही. करार संपवण्याची सूचना दोन्हीकडून तीस दिवसांची आहे. पैसे बिलात लिहिल्याइतके पूर्ण पोचले पाहिजेत आणि मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने सोसायचे, म्हणजे बँकेच्या अर्जात `OUR` हा पर्याय निवडायचा, हेही लिहिले आहे. या अटींवर देय तारखेपर्यंत उधारीवर गेलेले काम बावीस दिवसांच्या, सुमारे १,९०० पौंडांच्या पुढे जात नाही.

सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत. पंधरा दिवसांचे मानधन आगाऊ ठेव म्हणून द्यायला ती कंपनी तयार झाली नाही. पैसे मिळेपर्यंत कोडची मालकी आपल्याकडे ठेवण्याच्या मागणीला तिच्या वकिलांनी विरोध केला, कारण त्यांच्या ग्राहकांना स्वच्छ मालकीची हमी द्यावी लागते. शेवटी असे ठरले की मालकी बिलाच्या देय तारखेला जाईल, पण ते बिल थकलेले असेल तर जाणार नाही. ही तडजोड मला पुरेशी वाटते. सात दिवसांच्या देयकामुळे मालकीचा प्रश्न मुळात लहान झाला आहे, आणि लहान रकमेसाठी समोरच्याला त्याच्या ग्राहकांसमोर अडचणीत आणण्यात काही लाभ नाही.

जुन्या डिसेंबरच्या बिलाचा प्रश्न राहिला. इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे लहान दाव्यांच्या सोप्या पद्धतीने चालतात आणि कराराच्या दाव्याला तिथे सहा वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नाही असे आमच्या अशिलांना वाटत होते. पण हे बिल ३१ डिसेंबर २०२५ चे आहे आणि परकीय चलन कायद्याची पंधरा महिन्यांची मुदत ३१ मार्च २०२७ च्या सुमारास संपते. त्यानंतर पंधरा दिवसांत त्या २ लाख ९९ हजारांवर ५३ हजार ८२० रुपयांचा कर व्याजासह भरावा लागेल. म्हणून दावा २०२६ च्या दिवाळीपूर्वी दाखल करायचा आणि निकाल किंवा तडजोड मार्च २०२७ च्या आत गाठण्याचा प्रयत्न करायचा, असे ठरले आहे. पैसे तोपर्यंत आले नाहीत, तर दाव्याच्या कागदांसह बँकेमार्फत मुदतवाढीचा अर्ज त्या मुदतीपूर्वीच करावा लागेल.